अवघड गॉलब्लॅडरची ऑपरेशन नोट: आत काय उरलं ते पुढच्या सर्जनला कळेल अशी लिहावी कशी

लॅपरोस्कोपीने गॉलब्लॅडर सरळ निघालं, की त्याची नोट सहसा पुन्हा कुणी उघडत नाही. उघडली जाते ती अडलेल्या ऑपरेशनची. पेशंट काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कावीळ घेऊन किंवा उजव्या बरगडीखालची तीच जुनी कळ घेऊन दुसऱ्याच सर्जनकडे जातो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘गॉलब्लॅडरमध्ये खडे’ असं असतं आणि पेशंट म्हणतो, अहो, माझं गॉलब्लॅडर तर काढून टाकलंय. मग जुनी फाइल मागवली जाते आणि तीत साधारण असं सापडतं:

“डेन्स अ‍ॅडहेजन्स. कॅलॉट्स ट्रँगल डिसेक्ट केला. सिस्टिक डक्ट व आर्टरी क्लिप करून कापली. गॉलब्लॅडर काढलं. हिमोस्टॅसिस पाहिलं. ड्रेन ठेवला.”

एवढ्यावरून गॉलब्लॅडर पूर्ण निघालं की नाही, सिस्टिक डक्ट ओळखली ती कशावरून, क्लिपा किती आणि कुठे आहेत, सोनोग्राफीत दिसणारी पिशवी उरलेलं गॉलब्लॅडर आहे की साठलेलं पित्त, यातलं काहीच कळत नाही. पुढचा सर्जन एमआरसीपी करतो आणि तिथे जे दिसतं त्यावरून मागे काय घडलं असेल याचा अंदाज बांधत बसतो.

म्हणून नोट कशी लिहायची हे सांगायला मी सबटोटल कोलिसिस्टेक्टॉमी घेतली आहे. इथे काय काढलं यापेक्षा काय मागे ठेवलं हे जास्त महत्त्वाचं असतं. आणि ते सर्जन टेबलाजवळ उभा असतो तेवढ्याच वेळात नक्की सांगता येतं.

आधी थोडं ऑपरेशनबद्दल

सूज जुनी असेल तर कॅलॉट्स ट्रँगल दगडासारखा घट्ट होतो. तिथे रेटून डिसेक्शन केलं तर सिस्टिक डक्ट समजून सीबीडी कापली जाण्याचा धोका असतो. अशा वेळी शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्या भागात शिरायचंच नाही. गॉलब्लॅडर उघडायचं, खडे काढायचे, मोकळी भिंत कापून घ्यायची आणि लिव्हरला चिकटलेली मागची भिंत व मानेजवळचा भाग तसाच सोडायचा.

स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. फेनेस्ट्रेटिंग प्रकारात उरलेला भाग उघडा राहतो आणि सिस्टिक डक्टचं तोंड जमलं तर आतून शिवतात. रीकॉन्स्टिट्यूटिंग प्रकारात उरलेली भिंत शिवून किंवा स्टेपल करून पुन्हा एक छोटी बंद पिशवी तयार होते. पहिल्यात ऑपरेशननंतर पित्त गळण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यात ती कमी, पण त्या छोट्या पिशवीत पुन्हा खडे होऊन तोच आजार परतू शकतो. म्हणजे दोन दिवसांनी ड्रेनमध्ये पित्त दिसलं किंवा दोन वर्षांनी कळ आली, तर त्याचा अर्थ लावण्याची सुरुवातच यांपैकी कोणता प्रकार केला यावरून होते. नोटमध्ये नुसतं ‘सबटोटल’ लिहून हा फरक कळत नाही. ‘पार्शल’ या शब्दाने तर काहीच कळत नाही.

हातमोजे काढण्याआधी

नोट लिहायची वेळ ठरलेली आहे: पेशंट रिकव्हरीत जाताना, पुढची केस टेबलवर येण्याआधी. संध्याकाळी सगळ्या केसेसच्या नोट्स एकत्र लिहायला बसलं, की तिसऱ्या पेशंटचा रक्तस्राव दुसऱ्याच्या नोटमध्ये जातो आणि आकडे गोल होतात. सविस्तर नोट लगेच शक्यच नसेल तर निदान आठ-दहा ओळींची छोटी नोट फाइलमध्ये जावी: काय केलं, काय सापडलं, काय बिघडलं, किती रक्त गेलं, काय आत ठेवलं, रात्री काय पाहायचं.

आकडे मात्र ऑपरेशन चालू असतानाच गोळा करावे लागतात. सर्क्युलेटिंग नर्सला सुरुवातीलाच सांगून ठेवावं, की मी मोठ्याने जे बोलेन ते वेळेसह पाटीवर लिहा. ‘आता फंडस उघडला’, ‘क्लिप एक’, ‘दाब दिला’, असं बोलत राहायची सवय लागली की नोटचा अर्धा मजकूर आयता तयार असतो. सक्शनच्या बाटलीतून रक्त मोजताना धुण्यासाठी वापरलेलं सलाइन वजा करायचं असतं, म्हणून किती सलाइन आत गेलं तेही पाटीवर हवं.

लॅपरोस्कोपीत फोटो किंवा व्हिडिओ जवळजवळ फुकटात मिळतो, तो सोडू नये. क्रिटिकल व्ह्यू मिळाला असेल तर तो समोरून आणि मागून असा दोन्ही बाजूंनी टिपावा. मिळाला नसेल तर का मिळाला नाही ते दाखवणारा फोटो घ्यावा. हा दुसरा फोटो फार कमी जण घेतात आणि पुढे उपयोगी पडतो तोच. फोटो काढला असेल तर तो कुठे ठेवला आहे याचा नोटमध्ये उल्लेख हवा, नाहीतर तो आहे हेच कुणाला कळत नाही.

ऑपरेशनचं नाव

नोटच्या डोक्यावर दोन नावं लिहावीत: काय करायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं. ही दोन वेगळी असतील तर खाली एका वाक्यात कारण. पुढे डिस्चार्ज कार्डवर, ओटी रजिस्टरमध्ये, पेशंटच्या तोंडी जे नाव जातं ते इथूनच उचललेलं असतं. यादीत आधीच छापलेलं ‘लॅप कोलिसिस्टेक्टॉमी’ तसंच राहिलं, की पेशंट आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहतो, की माझं गॉलब्लॅडर काढलंय, आणि पुढचे डॉक्टर तिथला आजार शोधतच नाहीत.

तारीख, वेळ, तातडीचं की ठरवून केलेलं, सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ, कुठलं अँटिबायोटिक कधी दिलं, हे सगळं छापील फॉर्ममध्ये असतं, त्यावर इथे जागा घालवत नाही. एक मात्र सांगतो. रेसिडेंटने काही भाग केला असेल तर कुठला भाग कुणी केला ते लिहावं, आणि मदतीला वरिष्ठांना बोलावलं असेल तर ते कोणत्या टप्प्यावर आले तेही. पुढे काही विचारायचं झालं तर नेमकं कुणाला विचारायचं हे त्यावरून कळतं.

काय सापडलं

नोटचा हा भाग स्वतंत्र ठेवावा, त्यात ‘मग मी असं केलं’ येऊ देऊ नये. सापडलेलं आणि केलेलं एकत्र लिहिलं, की आधीपासून काय होतं आणि आपल्या हातून काय झालं यातला भेद पुसला जातो. उदाहरणार्थ, ‘गॉलब्लॅडरच्या भिंतीत छिद्र’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की ते छिद्र आजाराने पडलेलं की ग्रास्परने?

‘डेन्स अ‍ॅडहेजन्स’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यात निरुपयोगी वाटतो. काय कशाला चिकटलं होतं आणि ते कसं सुटलं, हे लिहायला हवं. ओमेंटम फंडसला चिकटलेलं होतं आणि सक्शनच्या टोकाने सहज सुटलं, हे एक. ड्युओडिनमचा पहिला भाग हार्टमन्स पाउचला घट्ट धरलेला होता आणि कात्रीनेही प्लेन मिळाली नाही, हे अगदी वेगळं. दुसरं वाक्य वाचणारा सर्जन पुन्हा पोटात जाताना ड्युओडिनम कुठे असेल याची तयारी करूनच जाईल. पार्कलँडसारखी १ ते ५ ची श्रेणी लिहिली तर चांगलंच, पण तो आकडा वर्णनासोबत असावा, त्याऐवजी नसावा.

दुसरी गोष्ट, जे पाहिलं आणि जे गृहीत धरलं ते वेगळं करावं. ‘सीबीडी नॉर्मल’ असं अवघड केसमध्ये सर्रास लिहिलं जातं. खरं म्हणजे ती दिसलेलीच नसते. तेव्हा ‘सीबीडी दिसली नाही, शोधलीही नाही’ असंच लिहावं. त्यात कमीपणा नाही, उलट सीबीडीच्या वाटेला न जाण्याचा निर्णय त्यातून कळतो. तसंच ‘बाकी पोट नॉर्मल’ हे वाक्य. लिव्हरचे दोन्ही लोब पाहिले, पण सुजेमुळे पोटाच्या खालचा भाग पाहिला नाही, असं असेल तर तसंच लिहावं. न पाहिलेल्या जागेला नॉर्मल म्हटलं, की पुढचा डॉक्टर ती जागा तपासायची सोडून देतो.

काय केलं: जिथे निर्णय घेतला तिथे थांबून लिहा

सगळ्या पायऱ्या सारख्या लांबीने लिहायची गरज नसते. पोर्ट कसे घातले, पोट कसं बंद केलं, हे एकेका वाक्यात संपतं. (नाभीजवळ जुनी जाळी असेल किंवा पोर्ट नेहमीच्या जागी घातला नसेल, तर मात्र तेवढं लिहायचं. पुढच्या वेळी पहिला पोर्ट घालणाऱ्याला त्याचीच गरज असते.) जिथे वाट बदलली तिथे मात्र तीन-चार वाक्यं हवीत: तोवर काय दिसत होतं, काय करून पाहिलं, का थांबलो, त्याऐवजी काय केलं.

क्रिटिकल व्ह्यू ही कल्पना १९९५ साली मांडली गेली. तिच्या तीन अटी आहेत. हिपॅटोसिस्टिक ट्रँगल चरबी आणि फायब्रस टिश्यूपासून मोकळा झालेला असावा, गॉलब्लॅडरचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटलेला असावा, आणि गॉलब्लॅडरमध्ये जाणाऱ्या दोनच रचना दिसाव्यात. नोटमध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू मिळाला’ एवढं लिहिण्यापेक्षा या तिन्हींचं काय झालं ते लिहावं. एक अट जरी अपुरी राहिली तरी व्ह्यू मिळाला नाही, असंच लिहायचं. ‘जवळजवळ मिळाला’ असा काही प्रकार नसतो.

इथेच तयार टेम्प्लेटचा सापळा आहे. संगणकात आधीच भरलेलं वाक्य असतं: दोनच रचना ओळखल्या, दुहेरी क्लिप लावून कापल्या. सर्जन खाली सबटोटलची माहिती टाइप करतो आणि वरचं वाक्य पुसायचं राहून जातं. आता एकाच नोटमध्ये डक्ट क्लिप करून कापलेलीही आहे आणि आतून शिवलेलीही आहे. पुढचा सर्जन कशावर विश्वास ठेवणार? अशी एक विसंगती दिसली, की तो उरलेल्या नोटवरही विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. टेम्प्लेट वापरायचाच असेल तर त्यात निष्कर्ष भरलेले नसावेत, रिकाम्या जागा असाव्यात. न भरलेली जागा निदान डोळ्यांना खुपते.

आत काय ठेवलं

यासाठी नोटमध्ये वेगळा परिच्छेद करावा, असा माझा आग्रह आहे. पुढे कोणी स्कॅन वाचेल ते याच परिच्छेदाच्या आधारे.

उरलेल्या गॉलब्लॅडरचं माप: मानेजवळ अंदाजे किती सेंटिमीटर, उघडं की बंद, मागची भिंत लिव्हरवर ठेवली का, आतलं अस्तर जाळलं का. सिस्टिक डक्टचं तोंड दिसलं का, त्यातून पित्त येत होतं का, शिवलं असेल तर कुठल्या धाग्याने.

क्लिपा: किती, कशाच्या, कशावर. टायटॅनियमच्या क्लिपा एक्स-रे आणि सीटीवर दिसतात, म्हणून नोटमध्ये तीन लिहिल्या असतील आणि सीटीवर सहा दिसल्या, तर प्रश्न उभा राहतो. पॉलिमरच्या क्लिपा साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत, त्यामुळे त्या आहेत हे नोटशिवाय समजायला मार्ग नाही. क्लिप लावलीच नसेल तर ‘क्लिप नाही’ असंही लिहावं.

रक्त थांबवायला ठेवलेलं ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज हा तर हमखास घोळ घालणारा पदार्थ आहे. तो लिव्हर बेडवर ठेवला आणि पाच-सात दिवसांनी ताप आला म्हणून सीटी केला, तर तिथे हवेचे बुडबुडे अडकलेला गोळा दिसतो, जो हुबेहूब अ‍ॅबसेससारखा असतो. रेडिओलॉजिस्टला माहिती नसेल तर तो अ‍ॅबसेस म्हणूनच रिपोर्ट करणार, आणि पेशंटला सुई घालावी लागणार किंवा पोट पुन्हा उघडावं लागणार. नोटमध्ये ‘लिव्हर बेडवर ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचा एक तुकडा ठेवला आहे’ असं असेल, आणि सीटीच्या मागणीपत्रावर ते उतरवलं गेलं, तर हा घोळ बहुतेक वेळा टळतो.

सांडलेले खडे: पोटात पडून राहिलेला खडा महिन्यांनी, कधी वर्षांनीही अ‍ॅबसेस करू शकतो, आणि तोही लिव्हरच्या मागे किंवा पोर्टच्या जखमेत, म्हणजे जिथे कुणाला गॉलब्लॅडरची आठवणही येणार नाही अशा ठिकाणी. म्हणून सांडले का, उचलले का, आणि एखादा सापडलाच नाही का, हे लिहावं. पेशंटलाही सांगावं आणि डिस्चार्ज कार्डवर लिहावं.

एक केस, पूर्ण नोटसह

५४ वर्षांची बाई, कळ सुरू होऊन सहा दिवस झालेले, ताप. सोनोग्राफीत भिंत ७ मिमी, मानेत अडकलेला २२ मिमीचा खडा, सीबीडी ५ मिमी. बिलिरुबिन नॉर्मल. तिच्या नोटचा मुख्य भाग मी असा लिहीन:

> ठरलेलं ऑपरेशन: लॅपरोस्कोपिक कोलिसिस्टेक्टॉमी.
> केलेलं ऑपरेशन: लॅपरोस्कोपिक सबटोटल कोलिसिस्टेक्टॉमी, फेनेस्ट्रेटिंग प्रकार. कारण: कॅलॉट्स ट्रँगलमध्ये प्लेन मिळाली नाही, क्रिटिकल व्ह्यू मिळाला नाही.
>
> सापडलेलं: गॉलब्लॅडर ताणलेलं, भिंत जाड, फंडसवर ३ सेंमीचा काळा पडलेला भाग, छिद्र नाही. ओमेंटम फंडस व बॉडीला चिकटलेलं, बोथट डिसेक्शनने सुटलं. ड्युओडिनम हार्टमन्स पाउचला घट्ट चिकटलेलं, सोडवलं नाही. सुईने ४० मिलि पू-मिश्रित द्रव काढून कल्चरला पाठवला. रुव्हिएर्स सल्कस दिसला. सीबीडी दिसली नाही, शोधली नाही. लिव्हर दोन्ही लोब पाहिले, नॉर्मल. पोटाचा खालचा भाग पाहिला नाही.
>
> केलेलं: नेहमीचे चार पोर्ट. पुढून व मागून पेरिटोनियम सल्कसच्या वरच्या पातळीवर उघडलं. २५ मिनिटांनंतरही ट्रँगल मोकळा झाला नाही: तीन अटींपैकी एकही पूर्ण नाही. वरिष्ठ सर्जनना बोलावलं, त्यांनी पडद्यावर पाहून इथे थांबण्याला दुजोरा दिला. फंडस उघडला, २२ मिमीचा एक व सुमारे दहा छोटे खडे पिशवीत काढले. पुढची भिंत इन्फंडिब्युलमपर्यंत कापली. सिस्टिक डक्टचं तोंड आतून दिसलं, पित्त येत नव्हतं. ते ३-० पॉलिडायॉक्सॅनोनच्या पर्सस्ट्रिंग टाक्याने आतून शिवलं. कोलँजिओग्राम केला नाही.
>
> अडचण: इन्फंडिब्युलमच्या डाव्या कडेची भिंत कापताना त्या कडेतून धमनीसारखा रक्तस्राव. गॉजने ५ मिनिटं दाब. नंतर कापलेल्या कडेवरच, भिंतीची पूर्ण जाडी घेऊन, ३-० चा एक टाका. थांबला. ट्रँगलमध्ये क्लिप किंवा कॉटरी वापरली नाही. शेवटी प्रेशर कमी करून पुन्हा पाहिलं, कोरडं. एकूण रक्तस्राव सुमारे २५० मिलि. रक्त दिलं नाही.
>
> आत ठेवलेलं: मागची भिंत पूर्ण, लिव्हरवर, अस्तर जाळलेलं. मानेजवळ अंदाजे २ सेंमीचा उघडा भाग. क्लिप नाही. लिव्हर बेडवर ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचा एक तुकडा, ५ × ५ सेंमी. तीन खडे सांडले, दोन मिळाले, एक (अंदाजे ४ मिमी) लिव्हरखालच्या जागेत शोधूनही मिळाला नाही. ड्रेन: २० फ्रेंच, उजव्या बाजूच्या पोर्टमधून, टोक लिव्हरखाली.
>
> स्पेसिमेन: गॉलब्लॅडरची पुढची भिंत, फंडससह, हिस्टोपॅथॉलॉजीला. मॉप, गॉज व इन्स्ट्रुमेंट काउंट बरोबर.

वाचायला दोन मिनिटं लागतात. लिहायला दहा. यात ‘कठीण’ हा शब्द कुठेच नाही, तरी केस किती कठीण होती ते कळतं.

अडचण लिहिताना

वरच्या नोटमधला रक्तस्रावाचा परिच्छेद पुन्हा पाहा. कुठून आला, कोणत्या क्षणी, कसा थांबवला, काय मुद्दाम केलं नाही, शेवटी काय स्थिती होती, किती गेलं. यातलं ‘काय केलं नाही’ हे बहुतेक नोट्समधून गळतं. रक्ताच्या डोहात आंधळी क्लिप लावल्याने उजव्या हिपॅटिक आर्टरीला किंवा डक्टला इजा होते, म्हणून नंतर लिव्हरची एन्झाइम्स वाढली तर पहिला संशय तिथेच जातो. क्लिप लावलेलीच नाही आणि टाका ट्रँगलमध्ये नसून गॉलब्लॅडरच्या भिंतीवर आहे, हे माहीत असेल तर शोध दुसऱ्या दिशेने सुरू होतो.

‘किरकोळ रक्तस्राव, नियंत्रणात आणला’ हे वाक्य घाबरून लिहिलेलं असतं, हे कुणालाही ओळखता येतं. आकडा आणि जागा लिहिली की बचावाची गरज उरत नाही. त्याच्या उलट टोकाला जाऊन कारणं आणि दोषही नोटमध्ये नकोत. कॅमेरा नीट धरला नाही, इन्स्ट्रुमेंट जुनं होतं, असली तक्रार नोटमध्ये लिहू नये, ती वेगळ्या ठिकाणी करावी.

‘सीबीडीला इजा नाही’ असं वाक्य टाकायचा मोह फार होतो. सीबीडी पाहिलीच नसेल तर हे आपण कुठल्या आधारावर म्हणतो? त्याऐवजी जे पाहिलं ते लिहावं: ‘शेवटी कोरडा गॉज ठेवून पाहिला, पित्ताचा डाग नाही.’ आणि इजा झाल्याची शंका असेल तर ती शंका म्हणूनच लिहावी. इजा नक्की असेल तर ती हिपॅटिक डक्ट्सच्या संगमापासून किती खाली आहे, कापली की जळली की क्लिपमध्ये आली, परिघाचा किती भाग, कुठलं एनर्जी उपकरण तिथे वापरलं होतं, आणि दुरुस्ती केली की नुसता ड्रेन ठेवून पेशंट पुढे पाठवायचं ठरवलं, एवढं हवंच. उष्णतेने झालेली इजा पहिल्या दिवशी दिसते त्यापेक्षा मोठी असू शकते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला उपकरणाचं नाव उपयोगी पडतं. सोबत हाताने काढलेली साधी आकृती जोडली तर फारच बरं. ती सुबक असायची गरज नाही. लिव्हर, डक्ट आणि इजेची जागा दाखवणाऱ्या चार रेघा पुरतात.

रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरसाठी

नोटचा पहिला वाचक चार वर्षांनंतरचा सर्जन नसतोच. तो त्याच रात्री वॉर्डात असतो, आणि ऑपरेशनला हजर नसतो. ‘ड्रेनवर लक्ष ठेवा’ या सूचनेचं तो काय करणार? त्याला अपेक्षा आणि मर्यादा दोन्ही सांगावं लागतं. वरच्या केससाठी मी असं लिहीन: सिस्टिक डक्टचं तोंड शिवलेलं आहे, पण सुजलेल्या टिश्यूत टाका सुटू शकतो, त्यामुळे ड्रेनमध्ये पित्त आलं तर ती आधी या तोंडातून आलेली गळती समजावी. पेशंट स्थिर असेल तर ड्रेन काढू नये, मोजत राहावं. पोट कडक झालं, ताप चढला, कावीळ दिसली, किंवा ड्रेन कमी असूनही पोट फुगत गेलं, तर ड्रेनच्या आकड्यावर विसंबू नये, सीटी करून मला कळवावं. ड्रेनमध्ये रक्त आलं तर किती मिलिलिटरला फोन करायचा तो आकडा प्रत्येक युनिटचा वेगळा असतो, पण नोटमध्ये आकडा लिहिलेला असावा. कल्चरचा रिपोर्ट कोण पाहणार आणि अँटिबायोटिक कधी थांबवायचं याचा पुनर्विचार कुठल्या दिवशी, हेही इथेच.

पित्ताची गळती टिकली तर पुढची पायरी बहुधा ईआरसीपी करून स्टेंट घालणं ही असते. एंडोस्कोपिस्टला तेव्हा हीच नोट लागते, कारण डाय बाहेर पडताना दिसला, की तो उघड्या ठेवलेल्या भागातून अपेक्षितच आहे की कापलेल्या डक्टमधून, हे त्याला ठरवायचं असतं.

नोट लिहून झाल्यावर काही आठवलं तर

असं होतं. रात्री घरी गेल्यावर आठवतं, की एक खडा सांडला होता आणि तो लिहायचा राहिला. मूळ नोटमध्ये खाडाखोड करू नये किंवा संगणकावर वाक्य बदलू नये. खाली ‘पुरवणी’ असं लिहून आजची तारीख, वेळ आणि सही करून ते वाक्य जोडावं, आणि आधी का राहिलं ते अर्ध्या ओळीत. गुंतागुंत समोर आल्यानंतर मूळ नोट बदललेली दिसली तर ती कितीही खरी असली तरी कुणी मानत नाही. पुरवणी मात्र मानली जाते.

हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की तोही पुरवणी म्हणून जोडावा. सबटोटलमध्ये हे विसरून चालत नाही, कारण भिंतीचा एक भाग अजून आत आहे. काढलेल्या भागात अनपेक्षित कॅन्सर निघाला तर पुढच्या सर्जनला पहिला प्रश्न पडेल, की उरलेलं किती आणि कुठे आहे, आणि पित्त सांडलं होतं का. पित्त सांडल्याचा उल्लेख वरच्या नोटमध्ये मी स्पष्ट केलेला नाही, फक्त खडे सांडल्याचा केला आहे. गॉलब्लॅडर पोटात उघडलं त्या अर्थी पित्त किंवा पू थोडा तरी सांडणारच. तेव्हा किती लिटर सलाइनने धुतलं त्यासोबत ‘गॉलब्लॅडर उघडताना पू-मिश्रित पित्त लिव्हरखालच्या जागेत सांडलं, लगेच सक्शन केलं’ हे वाक्य तिथे असायला हवं, आणि मी ते पुरवणीत घालीन.